ठरलेलं भाडं लिहून पाठवलं तर मालक दुखावतील का?

*ताई, नमस्कार. नऱ्ह्याला टू बीएचके बघितला. जाहिरातीत "भाडे २२,०००, मेंटेनन्ससह" असं होतं. ८ तारखेला मी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून खात्री केली, त्यांनी "हो, २२ सगळं धरून" असं लिहिलं. मग मिस्टरांनी ५,००० टोकन पाठवलं. काल करार ठरवायला त्यांच्या घरी गेलो. चहा झाला आणि काका म्हणाले, "२५ धरूया, सगळीकडे भाडी वाढलीत." आम्ही दोघं गप्प. निघताना मी "बरं, बघू" एवढंच म्हटलं. एक तारखेला आत्ताचं घर सोडायचंय. मला २२ चा आकडा लिहून पाठवावासा वाटतोय, पण मिस्टर म्हणतात, लेखी पाठवलं की भांडण उकरल्यासारखं दिसेल, काका-काकू दुखावतील आणि घर हातचं जाईल. काय करू?*

*– एक वाचक, पुणे*

पाठवा. आणि आजच पाठवा, उद्यावर टाकू नका.

घाई एवढ्यासाठी की तुमचं कालचं "बरं, बघू" तुम्हाला "विचार करून सांगतो" असं वाटतंय, पण समोरच्याच्या कानाला ते "चालेल" असंच ऐकू जातं. काका एजंटला फोन करून २५ सांगतील. एजंट २५ घालून ड्राफ्ट तयार करेल. मग चार दिवसांनी तो अंगठ्याचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन समोर बसलेला असताना तुम्ही तोंड उघडलंत, तर सगळ्यांना वाटेल की ऐनवेळी तुम्हीच शब्द फिरवलात. जी गोष्ट आज साधी बोलणी आहे, ती त्या टेबलावर वाद होते. दुखावण्याची भीती असेल तर ती तिथली आहे, आजच्या मेसेजची नाही.

मी स्वतः पुण्यात पहिलं घर भाड्याने घेतलं तेव्हा असंच गप्प बसले होते. दारात ठरलेला आकडा एक, कराराला बसल्यावर दुसरा, फरक पाचशेचा. पाचशेसाठी काय बोलायचं, असं वाटलं. पुढच्या वर्षी करार नव्याने केला तेव्हा दहा टक्के वाढ त्या वाढलेल्या आकड्यावर लागली, एजंटनेही त्याच्यावरच हिशेब केला, आणि "मुळात ठरलं कमी होतं" हे दाखवायला माझ्याकडे एक ओळही नव्हती. तुमचा फरक तर तीन हजारांचा आहे. अकरा महिन्यांचे ३३,००० झाले. शिवाय एजंट एक महिन्याचं भाडं घेत असेल तर त्याचेही तीन हजार वाढतात, आणि डिपॉझिट तीन महिन्यांचं असेल तर ६६ चे ७५ हजार होतात.

आता तुमच्या हातात नेमकं काय आहे ते आधी नीट बघू, म्हणजे मेसेजमध्ये भलतंच काही लिहिलं जाणार नाही.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे ना? नसेल तर हे वाचणं थांबवून आधी तो काढा, कारण जाहिरातीतला आकडा मालक कधीही बदलू शकतो. पण त्या स्क्रीनशॉटवर फार भिस्त ठेवू नका. कायद्याच्या नजरेत जाहिरात म्हणजे "या, बोलणी करू" असं आमंत्रण. दुकानाच्या काचेत किंमत लावलेल्या साडीसारखं. जाहिरातीत २२ छापलं म्हणून मालक २२ ला घर द्यायला बांधला जात नाही. "जाहिरातीत होतं म्हणजे द्यावंच लागेल" असं लिहिलंत, तर एखादा जाणकार मालक तुम्हाला लगेच गप्प करेल.

तुमची खरी जमेची बाजू ८ तारखेची ती ओळ आहे. तुम्ही नेमका प्रश्न विचारलात, त्यांनी नेमकं उत्तर दिलं, आणि त्या उत्तरानंतर टोकन गेलं, ते त्यांनी घेतलं. इथे आमंत्रण संपून ठरवणं सुरू झालेलं आहे. फोनवरच्या मेसेजमधून झालेलं ठरवणं केवळ फोनवर झालं म्हणून कच्चं ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात तशी तरतूद आहे. म्हणून मेसेजमध्ये जाहिरातीचा उल्लेख एकदाच, ओझरता करा, आणि वजन ८ तारखेवर आणि टोकनवर द्या.

मेसेज साधारण असा लिहा:

> नमस्कार काका. काल तुमच्याकडे छान वेळ गेला, घर आम्हाला पसंत आहे. एक गोष्ट लेखी स्पष्ट करून घेते. जाहिरातीत आणि ८ तारखेच्या तुमच्या मेसेजमध्ये भाडं मेंटेनन्ससह महिना २२,००० असं होतं. त्यावर विश्वास ठेवून आम्ही घर पक्कं केलं आणि ५,००० टोकन दिलं. काल बोलताना २५,००० चा विषय निघाला, त्याला आम्ही अजून होकार दिलेला नाही. आम्ही पुढील अटींवर करार करायला तयार आहोत: भाडं २२,००० मेंटेनन्ससह, डिपॉझिट ६६,०००, मुदत १ तारखेपासून ११ महिने. हे आपल्याला मान्य असेल तर परवा संध्याकाळपर्यंत "मान्य" असं कळवावं, म्हणजे एजंटना ड्राफ्ट करायला सांगते. जमणार नसेल तरीही मोकळेपणाने कळवा, म्हणजे टोकन परत घेऊन आम्हाला दुसरीकडे बघता येईल.

डिपॉझिटचा आकडा तुमचा जो ठरला असेल तो घाला. बाकी शब्द तुमच्या वळणाने बदला, पण तीन गोष्टी जाऊ देऊ नका.

पहिली, "त्याला आम्ही अजून होकार दिलेला नाही" हे वाक्य. सगळ्या मेसेजमध्ये हेच सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण कालचं "बघू" तुम्ही याने मागे घेता. हे वाक्य कोणाला बोचत नाही, तरी काम पुरतं करतं. दुसरी, नुसतं भाडं न लिहिता मेंटेनन्स, डिपॉझिट आणि मुदत एकत्र लिहायची. फक्त २२ लिहिलंत तर उत्तर "ठीक आहे, २२ अधिक मेंटेनन्स" असं येतं, आणि तीन हजार मागच्या दाराने आत येतात. तिसरी, उत्तराची वेळ. ती नसली तर मालक निवांत असतो आणि तुमची एक तारीख जवळ येत राहते. शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही २५ काय, २६ लाही हो म्हणाल.

काय लिहू नये तेही सांगते. "तुम्ही आम्हाला फसवलंत", "असं कोणी करतं का" हे नको. काकांना खरंच मध्ये कोणीतरी सांगितलं असेल की शेजारचा फ्लॅट २५ ला गेला. त्यांना परत २२ वर यायला वाट ठेवा. माणसाला अपमान न होता मागे येता आलं तर तो येतो. आणि मेसेजच्या शेवटी "तरी तुम्ही म्हणाल तसं" अशी गोड शेपटी लावू नका. आपल्याकडे मोठ्यांशी बोलताना ती आपोआप येते, पण त्या चार शब्दांनी वरचं सगळं पुसलं जातं.

मेसेज ज्या नंबरवर ८ तारखेचं बोलणं झालं त्याच चॅटमध्ये पाठवा, म्हणजे वरचा प्रश्न, त्यांचं उत्तर, टोकन आणि आजचा मेसेज एका धाग्यात राहतो. टोकन मिस्टरांच्या खात्यातून गेलंय, म्हणून त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉटही तिथेच टाका. त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू नाही ना, हे बघून घ्या. आणि एजंटलाही हाच मेसेज जसाच्या तसा पाठवा. त्याला वेगळं काही लिहू नका.

मिस्टरांची भीती मला पटते, पण घर जाईल का याचा हिशेब काकांच्या बाजूनेही करून बघा. ते तीन हजार जास्त मागताहेत, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारात त्यांना ३३,००० जास्त मिळतील. तुम्ही गेलात आणि नवा भाडेकरू मिळेपर्यंत घर एक महिना रिकामं राहिलं, तर २२,००० तिथेच गेले. दीड महिना रिकामं राहिलं की वाढीचा सगळा फायदा संपला. ज्याला घर भाड्याने द्यायची सवय आहे त्या मालकाला हे पाठ असतं. तुमच्या मेसेजने त्यांचं घर कोणी पळवत नाहीये. ठरल्या दराने, टोकन दिलेलं, एक तारखेला येणारं कुटुंब समोर उभं आहे. हे सोडायचं की नाही हे त्यांनाही ठरवायचंय.

उत्तर काय येईल? "मान्य" आलं तर उत्तमच, त्यावर पुढे बोलते. बहुधा मात्र उत्तर लेखी येणार नाही, फोन येईल. काका गोड बोलतील, "अगं, एवढं लिहून कशाला पाठवायचं, घरचंच आहे." तुम्हीही गोड बोला, ऐकून घ्या, आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत त्याच चॅटमध्ये लिहा: "काका, आत्ता फोनवर आपलं २२,००० मेंटेनन्ससह ठरलं, धन्यवाद." किंवा "आत्ता तुम्ही २५ च हवेत म्हणालात, आम्हाला ते जमणार नाही." फोनवर जे झालं ते एका ओळीत, बस्स. आणि या काळात त्यांच्याकडून "मग २५ फायनल" असा मेसेज आला, तर नुसता अंगठ्याचा इमोजी किंवा "ओके काका" अजिबात पाठवू नका. आपण "वाचलं" या अर्थाने ओके म्हणतो, पण वाचणाऱ्याला तो होकारच दिसतो.

दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे "२२ बरोबर आहे, पण सोसायटी भाडेकरू ठेवला की जास्त घेते, ते तीन हजार त्याचे." हे ऐकलं की भाडेकरू निमूटपणे मान डोलावतो, कारण सोसायटी खरोखरच काहीतरी जास्त घेते. पण किती, हे माहीत असायला हवं. त्याला बिनभोगवटा शुल्क म्हणतात, बिलावर बहुतेक नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस असं लिहिलेलं असतं. नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण सोसायटी असेल तर राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आणि सेवाशुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्स बिल नव्हे. त्यातून महापालिकेचा कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती फंड वेगळे होतात. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, कार्यालयाचा खर्च अशा गोष्टी उरतात. समजा महिन्याचं बिल २,६०० आहे आणि त्यात सेवाशुल्क १,८०० आहे. मग बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त १८० रुपये. तीन हजार नाही.

म्हणून हे उत्तर आलं तर वाद घालू नका, फक्त लिहा: "काका, सोसायटीचं ताजं बिल पाठवाल का, म्हणजे नेमकं किती वाढतंय ते बघू." बिल आलं तर आकडा तुमच्यासमोर येईल. बिल आलंच नाही तर त्याचंही उत्तर मिळालं. एक लक्षात असू द्या, हा दहा टक्क्यांचा नियम सोसायटीने मालकाकडून किती घ्यावं यासाठी आहे. मालकाने तुमच्याकडून किती भाडं मागावं यावर तो बंधन घालत नाही. पण सोसायटीचं नाव सांगून वाढवलेला आकडा तपासायला तो पुरेसा आहे.

असंच एक कारण मुद्रांक शुल्काचं सांगतात, "नोंदणीचा खर्च वाढलाय." लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वर्षाला दहा टक्के दराने धरलेल्या व्याजावर पाव टक्का असतं. तुमच्या २२ हजार आणि ६६ हजारांवर ते साधारण ६२० रुपये होतं. नोंदणी फी शहरात हजार रुपये, ती वेगळी. हा सगळा खर्च एकदाच होतो, आणि तो कोणी द्यायचा किंवा निम्मा-निम्मा वाटायचा हे ठरवून घेता येतं. दर महिन्याच्या तीन हजारांशी त्याचा संबंध नाही.

तिसरं उत्तर मला सगळ्यांत जास्त काळजीचं वाटतं: "ठीक आहे, करारात २२ च लिहू, वरचे तीन रोख देत जा." वरवर तुमच्या मनासारखं झालेलं दिसतं, कागदावर २२ आलं. याला नाही म्हणा. करारात लिहिलेली गोष्ट हाच पुरावा धरला जातो, त्यामुळे रोख दिलेल्या पैशाला कुठेच जागा नाही. अकरा महिने तुम्ही तीन हजार देत राहाल, त्याची पावती नाही, मिस्टर जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असतील तर त्यात ते धरता येणार नाहीत, आणि एखाद्या महिन्यात रोख द्यायला उशीर झाला की "भाडं थकलंय" म्हणून डिपॉझिटमधून कापायला निमित्त मिळेल. उत्तर एवढंच लिहा: "काका, जे देऊ ते करारात असेल तेवढंच आणि बँकेतूनच देऊ."

आणि कोणी म्हणालं, "आधी राहायला या, करार सावकाश करू," तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये काय आहे ते माहीत असू द्या. करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने ते खोटं असल्याचं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तशी वेळ आलीच तर आज तुम्ही लिहिलेला मेसेज तुमचं म्हणणं काय होतं हे तारखेसकट दाखवेल. तरीही किल्ली नोंदणीनंतरच घ्या. हे कलम अडचणीत आधार म्हणून आहे, त्याच्या भरवशावर संसार मांडू नका.

"मान्य" आल्यावरही काम संपत नाही. अंगठा लावायच्या आदल्या दिवशी एजंटकडून ड्राफ्टची पीडीएफ मागवा आणि दोघांनी मिळून वाचा. भाड्याचा आकडा पहिल्या पानांवर कोष्टकात असतो, तो सगळेच बघतात. पण "मेंटेनन्स भाडेकरूने भरावा" ही ओळ बहुतेक वेळा मागे, इतर अटींच्या गर्दीत, रंगकाम आणि वीजबिलाच्या शेजारी असते. एजंटच्या तयार साच्यात ती आधीपासून असते, कोणी मुद्दाम घातलेली नसली तरी. तुमच्या करारात तिथे "सोसायटीचा मेंटेनन्स व बिनभोगवटा शुल्क मालक भरतील" असं हवं. नूतनीकरणाच्या वेळची भाडेवाढ किती टक्के, तेही बघा. अंगठा लागल्यावर आणि नोंदणी झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर काय ठरलं होतं हे सांगून फारसा उपयोग होत नाही; मग करार बोलतो.

काका २५ वरच ठाम राहिले तर? ते त्यांचं घर आहे, आणि २२ ला करार करायला लावण्यासाठी कोर्टकचेरी करण्यात तुमची एक तारीख आणि पुढची वर्षं जातील. तो रस्ता मी सुचवणार नाही. घर इतकं मनात भरलं असेल की थोडं वर जायची तयारी असेल, तर तेही तुमच्या अटीवर करा: समजा २३,०००, पण मेंटेनन्ससह, पुढच्या वर्षी वाढ पाच टक्क्यांच्या वर नाही, आणि दोन्ही करारात लिहिलेलं. हा आकडा दोघांनी आज रात्री घरीच ठरवा, काकांच्या सोफ्यावर बसून नाही.

आणि जमलंच नाही, तर टोकन मागा. अटी तुम्ही बदललेल्या नाहीत, त्यामुळे ते परत मिळायला हवं. "काका, ८ तारखेच्या ठरल्याप्रमाणे करार होत नसल्याने ५,००० टोकन ज्या खात्यातून आलं त्याच खात्यात परत करावं, ही विनंती" एवढं त्याच चॅटमध्ये लिहा. आठवडाभरात आलं नाही तर एजंटला सोबत घेऊन एकदा समक्ष जा, मेसेज फोनवर उघडूनच.

मेसेज पाठवायच्या आधी मिस्टरांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना जिथे टोचेल तो शब्द बदला, आकडे तेवढे तसेच राहू द्या.